फोटो दिसतो, तरी फॉर्म घेत नाही

एका शाळेतलं उदाहरण घेऊ. आठवीच्या वर्गशिक्षिकेने शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आपल्या 46 मुलांचे फोटो स्वतःच्या आयफोनवर काढले. पांढऱ्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, एकेकाला उभं करून. फोनवर सगळे फोटो छान दिसत होते. संध्याकाळी ते केबलने शाळेच्या संगणकावर उतरवले, आणि अर्ज भरायला बसलेल्या लिपिकाने विचारलं, "मॅडम, हे कसले फोटो आहेत? इथे एकही चालत नाही." फाइलच्या नावापुढे .HEIC असं होतं. अर्जाला हवा होता .jpg, 413 गुणिले 531 पिक्सेलचा आणि 20 ते 50 केबीमध्ये बसणारा. मुदत दोन दिवसांवर आलेली.

असा प्रसंग सायबर कॅफेत, तलाठी कार्यालयाबाहेरच्या सेवा केंद्रात, विम्याचा दावा भरताना कुठेही येऊ शकतो. बहुतेक ठिकाणी त्यावर घाईघाईने काहीतरी उपाय केला जातो आणि पुढे अर्ज तपासणीत अडकतो. म्हणून हे काम एकदा मुळापासून समजून घेऊ.

जेपीईजी हा फोटो साठवण्याचा प्रकार 1992 पासून प्रमाणित आहे. तो फोटोचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे बारीक चौकोन करतो आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील टाकून देतो. एचईआयसी त्याच्यापेक्षा बराच तरुण. त्यामागचं मानक 2015 मध्ये ठरलं, आणि 2017 मध्ये अ‍ॅपलने आयओएस 11 सोबत ते आयफोन 7 आणि त्यानंतरच्या फोनवर आणलं. यात फोटो दाबून बसवण्यासाठी व्हिडिओसाठी तयार झालेली एचईव्हीसी ही पद्धत वापरतात. शेजारचा भाग कसा आहे यावरून पुढचा भाग कसा असेल याचा ही पद्धत अंदाज बांधते, आणि अंदाज जिथे चुकतो तेवढाच फरक लिहून ठेवते. भिंत, आकाश, गाल असे सलग भाग त्यामुळे फार थोड्या जागेत मावतात. आयफोन आपला 4032 गुणिले 3024 पिक्सेलचा फोटो 512 पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांत विभागून ठेवतो. असे 48 तुकडे एका फाइलमध्ये असतात. साधारण त्याच दर्जाचा जेपीईजी तीन-चार एमबीचा होत असेल, तर एचईआयसी दीड-दोन एमबीत भागतं. फोनच्या दृष्टीने हा फार मोठा फायदा आहे.

मग संकेतस्थळं ते का घेत नाहीत? एचईव्हीसी पद्धतीवर अनेक कंपन्यांचे पेटंट हक्क आहेत आणि ते वेगवेगळ्या गटांकडून वसूल होतात. त्यामुळे क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरनी एचईआयसी दाखवण्याची सोय ठेवलेली नाही. अ‍ॅपलच्या सफारीमध्ये ती 2023 च्या आवृत्तीपासून आहे. अर्ज तपासणारा अधिकारी फोटो बघणार तो ब्राउझरमध्येच. त्याला जे उघडून दिसणार नाही ते संकेतस्थळाने दारातच थांबवणं रास्त आहे. हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. मे 2020 मध्ये टाळेबंदीमुळे अमेरिकेतल्या एपी परीक्षा घरून झाल्या, तेव्हा हाताने लिहिलेल्या उत्तरांचे फोटो चढवायचे होते. अनेकांचे फोटो एचईआयसीमध्ये होते, ते स्वीकारले गेले नाहीत, आणि उत्तरं जमा न झालेल्या विद्यार्थ्यांना जूनमधली पुनर्परीक्षा द्यावी लागली.

आता आपल्या शिक्षिकेकडे परत जाऊ. त्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट ही, की याच फोनवरून काढलेला स्वतःचा फोटो त्यांनी मागच्या महिन्यात एका अर्जाला लावला होता आणि तो बिनतक्रार गेला होता. फोन तोच, कॅमेरा तोच. मग या वेळी काय बदललं? बदलली ती फोटोची वाट. या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. फोटो फोनमधून कोणत्या मार्गाने बाहेर पडतो त्यावर तो कोणत्या स्वरूपात पोचणार हे ठरतं, आणि हे आपल्याला न सांगता ठरतं.

फोनवरच अर्ज उघडला आणि तिथून फोटोंच्या संग्रहातला फोटो निवडला, तर ते पान जेपीईजी मागतंय हे ओळखून आयफोन निवडीच्या वेळीच रूपांतर करून देतो. मागच्या महिन्यात हेच झालं होतं. पण तोच फोटो आधी `Files` मध्ये ठेवला असेल आणि तिथून निवडला, तर तो जसा आहे तसाच जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो जेपीईजी होतो, पण पिक्सेलही खूप कमी होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ एचईआयसी जशीच्या तशी पोचते. एअरड्रॉपने मॅकवर गेला तर सहसा एचईआयसीच राहते. गूगल फोटोजमध्ये साठवून संगणकावर उतरवला तरी मूळ फाइलच हाती येते. ज्याच्याकडे फोटो पोचला त्याला यातलं काही ठाऊक नसतं, म्हणून "कालचे चालले, आजचे चालत नाहीत" असं कोडं पडतं.

केबलची वाट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ढीगभर फोटो बहुधा तिथूनच जातात. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये `Photos` या भागात तळाशी `Transfer to Mac or PC` असं शीर्षक दिसतं. नव्या आवृत्त्यांत `Photos` हे `Apps` च्या आत गेलं आहे. त्याखाली दोन पर्याय आहेत. `Automatic` निवडलं तर फोन प्रत्येक फोटो पाठवताना जेपीईजी करत जातो, आणि `Keep Originals` निवडलं तर एचईआयसी तशीच देतो. पहिला पर्याय आपल्या कामाचा वाटतो, आणि दहा-वीस फोटोंना तो चांगला आहेही. मात्र मोठ्या संख्येने फोटो विंडोजवर उतरवताना रूपांतराचा वेग आणि संगणकाची मागणी यांचा मेळ बसत नाही, आणि मध्येच `A device attached to the system is not functioning` असा संदेश येऊन काम थांबतं. केबल खराब आहे, फोन बिघडला, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. `Keep Originals` करून मूळ फाइली उतरवाव्यात आणि रूपांतर संगणकावर करावं, हा खात्रीचा मार्ग. शिक्षिकेच्या फोनवर हाच पर्याय निवडलेला होता, म्हणून 46 मूळ फाइली शाळेच्या संगणकावर आल्या. खरं तर हे बरंच झालं. सर्वांत चांगल्या दर्जाचा माल हाताशी आला.

इथे लिपिकाने जे केलं ते खूप जण करतात. त्याने फाइलचं नाव बदलून .HEIC च्या जागी .jpg लिहिलं. नाव बदललं, आतला मजकूर तोच राहिला. प्रत्येक फाइलच्या अगदी सुरुवातीला काही ठरलेली अक्षरं असतात आणि त्यांवरून ती कोणत्या प्रकारची हे कळतं. नीट बांधलेलं संकेतस्थळ तीच वाचतं आणि फोटो परत करतं. वाईट गोष्ट पुढे आहे. काही संकेतस्थळं फक्त नाव बघतात. तिथे असा फोटो चढतो, अर्ज जमा झाल्याची पावतीही मिळते, आणि तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यासमोर रिकामी चौकट उघडते. एखाद्या फाइलबद्दल शंका असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडावी. सगळा अगम्य मजकूर दिसेल, पण पहिल्या ओळीत `ftypheic` अशी अक्षरं दिसली तर ती एचईआयसीच आहे, नावापुढे काहीही असो. जेपीईजीमध्ये तिथे `JFIF` किंवा `Exif` दिसतं.

रूपांतरासाठी मोफत संकेतस्थळं शेकड्याने सापडतात. ती वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. अर्जासोबतचे फोटो म्हणजे मुलांचे चेहरे, आधार कार्ड, सह्या, बँकेचं पासबुक. ते अनोळखी संगणकावर चढवायचे आणि नंतर ते पुसले गेले असतील अशी आशा ठेवायची, याची काहीच गरज नाही. आपल्या यंत्रावर हे काम इंटरनेटशिवाय होतं. शिवाय आयफोनच्या फोटोत काढल्याचं ठिकाण अक्षांश-रेखांशासह नोंदलेलं असू शकतं, आणि साध्या रूपांतरात ती नोंदही नव्या फाइलमध्ये जाते.

मॅक असेल तर फारसं काही करावं लागत नाही. 2021 च्या माँटेरे आवृत्तीपासून फाइंडरमध्येच सोय आहे: सगळे फोटो निवडा, उजवं बटण दाबा, `Quick Actions` मधून `Convert Image` घ्या, `JPEG` निवडा. आकार ठरवता येतो आणि `Preserve Metadata` ची खूण काढली की ठिकाणाची नोंदही जाते. संगणकच नसेल तर आयफोनवरच्या `Shortcuts` अ‍ॅपमध्ये तीन पायऱ्यांची साखळी करून ठेवता येते: `Select Photos` मध्ये `Select Multiple` चालू करायचं, पुढे `Convert Image` मध्ये जेपीईजी, आणि शेवटी `Save File`. मधे `Resize Image` घातलं की पिक्सेलही कमी होतात.

शाळेच्या संगणकावर मात्र विंडोज होतं. तिथे मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एचईआयएफ आणि एचईव्हीसी या दोन्हींचे जोड बसवले की फोटो उघडतात आणि पेंटमधून एकेक करून जेपीईजी म्हणून साठवता येतात. एचईव्हीसीच्या जोडासाठी थोडे पैसे पडतात. चार फोटोंना हे ठीक. 46 फोटोंसाठी मी इमेजमॅजिक हे मोफत सॉफ्टवेअर सुचवेन. यात बटणं नाहीत, एक आज्ञा टाइप करायची असते, आणि म्हणूनच 46 फोटोंवर अगदी सारखंच काम होतं.

आज्ञा देण्याआधी आकाराचा हिशोब समजून घ्यायला हवा, कारण जेपीईजी झाल्यावर दुसरा नकार येतो तो इथे. एचईआयसीचा जेपीईजी केला की फाइल लहान होत नाही, उलट मोठी होते. दोन एमबीचा फोटो चार एमबीचा झाला आणि अर्जाला हवेत 50 केबी. मग लोक दर्जाची पट्टी खाली खाली ओढत जातात आणि शेवटी चेहऱ्यावर चौकोनी डाग उमटतात. मूळ फोटोत सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल आहेत. 48 केबी जागा त्यांच्यात वाटली तर एका पिक्सेलच्या वाट्याला बिटचा जेमतेम तिसावा हिस्सा येतो. त्यात चेहरा मावणं शक्यच नाही. पण पिक्सेल आधी 413 गुणिले 531 इतके केले, म्हणजे सुमारे 2 लाख 19 हजार, तर त्याच 48 केबीत प्रत्येकाला पावणेदोन बिट मिळतात, आणि एवढ्यात जेपीईजी सुरेख दिसतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी फोटो सरळ करणं, मग पिक्सेल कमी करणं, मग कातरणं, आणि सर्वांत शेवटी केबीच्या मर्यादेत बसवणं. 413 गुणिले 531 हा आकडा आला कुठून? 35 गुणिले 45 मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो इंचाला 300 ठिपके या दराने छापला तर तेवढेच पिक्सेल लागतात. सगळीकडे हाच आकडा नसतो. आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षांच्या सूचनांमध्ये फोटोसाठी 200 गुणिले 230 पिक्सेल आणि 20 ते 50 केबी, तर सहीसाठी 140 गुणिले 60 पिक्सेल आणि 10 ते 20 केबी असं माप दिलेलं असतं. त्या-त्या अर्जाची सूचना समोर ठेवून आकडे घ्यावेत.

एचईआयसी फोटो ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी एक रिकामं फोल्डर करायचं, मग आज्ञा एकाच ओळीत द्यायची:

```
mkdir jpg
magick mogrify -path jpg -format jpg -auto-orient -resize "413x531^" -gravity center -extent 413x531 +profile "!icc,*" -define jpeg:extent=48kb *.HEIC
```

`-path jpg` मुळे नव्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात, मूळ फोटोंना धक्का लागत नाही. `-auto-orient` फोटो खरोखर सरळ करतं. फोन आडवा-उभा कसा धरला होता याची फोटोत एक टीप असते आणि दाखवणाऱ्याने ती वाचून फोटो वळवायचा असतो; अनेक संकेतस्थळं ती वाचत नाहीत, आणि मूल आडवं पडलेलं दिसतं. पुढचा `-resize` चा भाग फोटो लहान करतो. उभा मूळ फोटो 3024 गुणिले 4032 असल्यामुळे तो 413 गुणिले 551 होतो, आणि `-extent` वरून-खालून मिळून 20 पिक्सेल कातरतं. ही कातर जवळजवळ जाणवत नाही, पण डोक्यावर अजिबात जागा न सोडता फोटो काढला असेल तर केस कापले जातात. म्हणून फोटो काढतानाच डोक्यावर दोन बोटं जागा ठेवावी आणि चेहरा मधोमध घ्यावा. `+profile` चा तुकडा ठिकाण, वेळ वगैरे सगळ्या नोंदी काढतो आणि फक्त रंगांची माहिती राखतो. ती मुद्दाम राखायची. आयफोन नेहमीपेक्षा विस्तृत रंगपट वापरतो; तो कोणता हे सांगणारी माहिती पुसली तर त्वचेचा रंग फिकट, मातकट दिसू लागतो. शेवटचा `jpeg:extent` दर्जा आपोआप असा निवडतो की फाइल 48 केबीच्या आत राहील. 50 ऐवजी 48 ठेवले ते थोडी सूट म्हणून, कारण केबी मोजण्याच्या पद्धतीही सगळीकडे सारख्या नसतात.

एवढं झाल्यावर पहिलं काम मोजणीचं. 46 फोटोंचे 46 जेपीईजी व्हायला हवेत. शिक्षिकेच्या फोल्डरमध्ये 49 झाले. तीन मुलांचे फोटो त्यांनी फोनवर थोडे उजळ केले होते, आणि आयफोन अशा वेळी मूळ `IMG_` सोबत सुधारलेली `IMG_E` अशी दुसरी फाइलही देतो. फोल्डरमध्ये सोबत आलेल्या .AAE आणि .MOV फाइली या सुधारणांच्या आणि लाइव्ह फोटोच्या असतात. आपल्या आज्ञेने त्यांना हात लावला नाही, पण `IMG_E` वाल्या तीन एचईआयसी असल्यामुळे रूपांतरात आल्या. त्या तीन मुलांचे उजळ फोटो ठेवून मूळ प्रती वगळल्या, तेव्हा हिशोब जुळला.

हे जुळणं साधं वाटलं तरी सगळ्यांत मोठा धोका इथेच आहे. अर्जात एका मुलीच्या नावापुढे दुसरीचा फोटो लागला, तर ते कोणतंही संकेतस्थळ पकडणार नाही. शिक्षिकेने फोटो हजेरीच्या क्रमाने काढले होते, डोळे मिटलेले फोटो तिथेच पुसून पुन्हा काढले होते, आणि रूपांतरात फाइलचे क्रमांक तसेच राहिले. लिपिकाने लघुचित्रांची यादी उघडली, शिक्षिका हजेरीपट घेऊन शेजारी बसल्या, आणि प्रत्येक चेहरा बघून फाइलला हजेरी क्रमांकाचं नाव दिलं. हे यंत्रावर सोपवू नये. चेहरा ओळखणारी बाई शेजारी असताना हे पाऊण तासाचं काम आहे.

मग तीन-चार फाइली उघडून पूर्ण आकारात बघायच्या: डोळे स्पष्ट आहेत का, रंग ठीक आहे का, डोकं कापलं तर नाही. सहीचे किंवा कागदपत्रांचे फोटो असतील तर अक्षरांच्या कडा बघायच्या. जेपीईजी जास्त दाबला की काळ्या अक्षरांभोवती धुरकट ठिपके दिसू लागतात, आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक वाचता आला नाही म्हणून अर्ज परत येतो. कागदपत्रासाठी 413 पिक्सेलची रुंदी कधीच पुरत नाही. तिथे अर्जाची केबीची मर्यादा परवानगी देईल तेवढे पिक्सेल ठेवावेत आणि आधी कागदाबाहेरचं टेबल कातरून टाकावं. खालची मर्यादाही तपासायची. पातळ रेघांची सही कधी कधी इतकी लहान फाइल होते की 10 केबीची किमान अट पुरी होत नाही. अशा वेळी नियमात बसत असेल तिथवर पिक्सेल वाढवावेत, किंवा जाड टोकाच्या पेनाने पुन्हा सही करून फोटो घ्यावा.

पुढच्या वेळी हा खटाटोप टाळायचा असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये `Formats` उघडून `Most Compatible` निवडता येतं. मग फोन थेट जेपीईजी काढतो. आधी काढलेल्या फोटोंवर मात्र याचा काही परिणाम होत नाही, आणि जागा जवळपास दुप्पट लागते. सॅमसंगच्या काही फोनवरही कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये हाय एफिशियन्सी पिक्चर्स नावाची अशीच निवड असते. अर्जाच्या दिवसापुरता बदल करून नंतर पूर्ववत करावा हे मला योग्य वाटतं. रोजच्या फोटोंसाठी एचईआयसी खरोखर चांगलं आहे.

46 पैकी 44 फोटो पहिल्या फेरीत स्वीकारले गेले. दोन मुलांच्या मागे भिंतीवरचा तक्ता आला होता, ते परत काढून त्याच आज्ञेतून गेले. मूळ एचईआयसी फाइलींचं फोल्डर शिक्षिकेने पेन ड्राइव्हवर वेगळं ठेवलं, कारण जानेवारीत दुसऱ्या परीक्षेचा अर्ज आहे आणि त्याला वेगळं माप लागणार. तेव्हा 48 केबीचा जेपीईजी ताणून मोठा करायचा नाही. मूळ फाइलीवरच नव्या आकड्यांची आज्ञा चालवायची.